मागच्या रांगेतली पाकिटं

प्रिय ताई,

आमच्या गल्लीतल्या दुकानातून आम्ही वीस वर्षं किराणा भरतो. परवा शनिवारी पाहुणे येणार म्हणून तिथून तयार ढोकळ्याचं पीठ आणलं. सगळं नेहमीसारखं केलं, पण ढोकळा फुगलाच नाही, वडीसारखा बसला. पाकीट उलटं करून पाहिलं तर तारीख मे महिन्यातच उलटलेली! रविवारी, 3 ऑगस्टला दुकानात जाऊन त्याच मांडणीवरच्या आणखी सात पाकिटांचे फोटो काढले, तारीख आणि बॅच नंबर दिसतील असे. सासूबाईंना त्या रात्री गॅसेसचा त्रासही झाला. दुकानवाल्या काकांना पत्र लिहिलंय, मसुदा आणि फोटो सोबत पाठवतेय. नवरा म्हणतो, पत्र कसलं लिहितेस, फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाक, आपोआप सरळ होतील. मला संबंध तोडायचे नाहीत, पण गप्पही बसवत नाही. मसुदा ठीक आहे का?

– एक गिऱ्हाईक, सातारा

*

मसुदा वाचला, फोटोही एकेक करून मोठे करून पाहिले. मसुद्यातलं पाऊण पान विश्वासघातावर खर्च झालंय आणि तारखा शेवटी ‘सोबत फोटो जोडले आहेत’ एवढ्यात उरकल्यात. हे उलटं व्हायला हवं. रागावलेलं पत्र दुकानदार गल्ल्याखाली सारतो. ‘अमुक पाकीट, अमुक बॅच, अमुक तारीख, डाव्या मांडणीची खालून दुसरी फळी’ असं लिहिलेलं पत्र हातात आलं की त्याला उठून त्या फळीपाशी जावंच लागतं.

पण आधी तुमचे फोटो. सातपैकी पाचच उपयोगाचे आहेत, आणि उरलेले दोन पत्रात गेले तर सगळं पत्रच लंगडं पडेल.

ढोकळ्याच्या पिठाची तीन पाकिटं अगदी स्पष्ट आहेत. पॅकिंग 11/11/24, वापरायची शेवटची तारीख 10/05/25. तुम्ही फोटो काढला त्या दिवशी ती तारीख उलटून 85 दिवस झाले होते. बिस्किटांच्या पुड्यावर 22/07/25 आहे, म्हणजे 12 दिवस जास्त. ओट्सच्या पाकिटावर नुसतं 07/25 छापलंय. ज्या वस्तू तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकतात त्यांच्यावर फक्त महिना आणि वर्ष छापलेलं चालतं, आणि तसं असलं की तो महिना संपेपर्यंत दुकानदाराच्या बाजूने मोजावं. जुलै 31 ला संपला, तुम्ही 3 ऑगस्टला फोटो काढला. तीन दिवसांनी का होईना, ते पाकीट मुदतीबाहेरच आहे.

आता पापडाचं पाकीट. त्यावर 08/25 आहे, आणि तुम्ही त्याला उलटलेल्यात धरलंय. ते अख्खा ऑगस्ट विकता येतं. हा फोटो पत्रात गेला असता तर काकांच्या मुलाने पहिलं बोट त्याच्यावरच ठेवलं असतं, ‘काकू, ही तारीख नीट वाचा की,’ आणि मग बाकीच्या पाचांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. सातवा फोटो गरम मसाल्याचा. त्यात पॅकिंगची तारीख दिसते, पण खालची ओळ पाकिटाच्या घडीत गेलीय. जे खालचे आकडे तुम्ही तारीख समजलात, ते ‘यूएसपी’च्या पुढचे आहेत. यूएसपी म्हणजे एका ग्रॅमला किती पैसे पडतात ती किंमत, मुदतीशी तिचा काही संबंध नाही. छपाई बारीक आणि इंग्रजी अक्षरं सारखी दिसणारी, त्यामुळे ही चूक पुष्कळ जणांची होते. तो फोटो बाजूला ठेवा, किंवा पाकीट सपाट करून परत काढा.

परत काढायची वेळ आलीच तर एक करा. अशा चकचकीत पाकिटावरची शाई ठिपक्याठिपक्यांची असते, समोरून फ्लॅश मारला की नुसता पांढरा डाग येतो. मोबाइलची बॅटरी बाजूने, तिरकी धरा, अक्षरं उठून दिसतात. आणि प्रत्येक पाकिटाचे दोन फोटो हवेत. एक लांबून, फळी आणि पाकीट दोन्ही दिसेल असा. दुसरा जवळून, नाव आणि तारीख-बॅचची ओळ एकत्र येईल असा. तुमच्याकडे फक्त जवळचे आहेत. त्यावरून पाकीट कुठलं ते कळतं, पण ते विक्रीच्या फळीवर होतं हे कळत नाही.

हा फरक लहान नाही. प्रत्येक दुकानात मुदत संपलेला माल असतोच. तो बाजूला एका खोक्यात टाकलेला असतो, डिस्ट्रिब्युटरचा माणूस आला की परत द्यायचा म्हणून. त्या खोक्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहिलेलं असेल तर दुकानदाराचं काहीच चुकलेलं नाही. फळीवर, गिऱ्हाइकाच्या हाताला येईल असा माल मांडला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘विक्री’ म्हणजे फक्त पैसे घेऊन हातात देणं नाही. विकण्यासाठी मांडून ठेवणंही विक्रीतच धरलंय. आणि मुदत उलटून गेलेली वस्तू विकली तर जबाबदारी विकणाऱ्याची, असं त्याच कायद्याचं कलम 27 सांगतं. ‘कंपनीकडूनच असा आला’ म्हणून हात झटकता येत नाहीत. एक गोष्ट मात्र पाकिटावर नीट वाचून घ्या. काही पाकिटांवर शेवटच्या तारखेखेरीज ‘बेस्ट बिफोर’ अशी आणखी एक तारीख असते. ती चवीची, कुरकुरीतपणाची हमी कुठवर, एवढंच सांगते. पत्रात लिहायची ती शेवटची तारीख, बेस्ट बिफोरची नाही.

आता बॅच नंबरकडे येते, कारण तुमच्या फोटोंमधली सर्वांत कामाची गोष्ट तीच आहे, आणि मसुद्यात तुम्ही ती एका ओळीतही वापरलेली नाही.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. दर अमावस्येला दुकान लवकर बंद व्हायचं, आणि मी आणि माझी बहीण स्टुलावर चढून ‘तारखा काढायला’ बसायचो. एकेक पाकीट फिरवून बघायचं, दोन महिन्यांच्या आत संपणारं पुढे ओढायचं, संपलेलं खाली टोपलीत. त्याला वडील ‘मागचं पुढे’ म्हणायचे. हे ज्या दुकानात बंद पडतं तिथे काय होतं ते मला पाठ आहे. कंपनीचा सेल्समन येतो, घाईत असतो, नवा माल स्वतःच फळीवर लावून जातो. लावतो कुठे? पुढे. जुना माल ढकलला जातो मागे, भिंतीला चिकटतो. नवा संपायच्या आत पुढचा सेल्समन येतो. मागची रांग कधी पुढे येतच नाही. ती येते फक्त सणावाराला, मागणी एकदम वाढली की. तुमचा ढोकळा श्रावणात बसला तो उगीच नाही.

तुमच्या तिन्ही ढोकळ्यांच्या पाकिटांवर एकच बॅच आहे: DM1124B. याचा अर्थ ती एकाच वेळी बनलेली, बहुधा एकाच खोक्यातून आलेली. एक खोकं मागे राहून गेलं आणि विसरलं गेलं, एवढंच त्यातून दिसतं. बिस्किटं आणि ओट्स वेगळ्या कंपन्यांचे, नुकतेच संपलेले. म्हणजे अडीच-तीन महिने तारखा नीट बघणं झालेलं नाही. हे दुर्लक्ष आहे, लबाडी नाही.

लबाडी असती तर ती कशी दिसली असती? एकच बॅच नंबर आणि त्यावर दोन वेगळ्या तारखा. किंवा तारखेच्या जागी शाई पसरलेली, थिनर लावून पुसल्यासारखी, आणि शेजारची बॅचची ओळ मात्र स्वच्छ. किंवा तारखेवर नेमकं किमतीचं स्टिकर, तेही कडेने सरळ न बसलेलं. मी तुमचे फोटो याच नजरेने दोनदा पाहिले. तसं काही नाही. तसं असतं तर मी तुम्हाला पत्र लिहूच नका म्हटलं असतं.

का, तेही सांगते, कारण नवऱ्याच्या म्हणण्याचं उत्तर त्यातच आहे. तुम्ही आधी दुकानदाराला लिहिलं की माल दुसऱ्या दिवशी फळीवरून गायब होणार. त्यानंतर अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी आला तरी त्याला रिकामी फळीच दिसेल, आणि त्याची कारवाई उभी राहते ती त्याला स्वतःला तिथे काय सापडलं त्यावर, तुमच्या मोबाइलमधल्या फोटोवर तेवढी नाही. म्हणून लहान बाळाचं खाणं मुदतीबाहेरचं सापडलं, किंवा तारखेत खाडाखोड दिसली, तर दुकानात एक शब्द न बोलता प्रशासनाच्या 1800222365 या क्रमांकावर कळवायचं. पण तुमच्या बाबतीत माल फळीवरून गायब व्हावा हेच तर हवंय. शेजारच्या घरातल्या कुणी उद्या तेच पाकीट नेऊ नये, इतकंच. मग आधी काकांना लिहिणं योग्य.

बॅच नंबर काकांनाही उपयोगाचा आहे, तुमच्यापेक्षा जास्तच. डिस्ट्रिब्युटरला त्यांना विचारता येईल, हे खोकं मला कधी दिलंस? काही डिस्ट्रिब्युटरांच्या बिलावर बॅच लिहिलेली असते, ती जुळवता येते. मुदत संपत आलेला माल कुणी त्यांच्या गळ्यात मारला असेल तर ते तेव्हाच उघड होईल. आणि मुदत उलटून गेल्यावर पुरवला असेल तर त्याच कलम 27 मध्ये डिस्ट्रिब्युटरचीही जबाबदारी सांगितलीय. तुमचं पत्र काकांना भांडायला एक कागद देतं. ते त्यांच्यावरचं आरोपपत्र असायची गरज नाही.

बॅच उतरवताना मात्र डोळ्यांत तेल घालून. ठिपक्यांच्या छपाईत शून्य आणि इंग्रजी O, आठ आणि B, पाच आणि S हे एकमेकांसारखेच दिसतात. बॅचनंतर पुष्कळदा 14:32 असं काहीतरी असतं. ती पॅक केल्याची वेळ असते, तीही जशीच्या तशी उतरवा, आपण काटछाट करायची नाही. नंबर इंग्रजी अक्षरांतच लिहा, ‘डीएम’ असं नको. आणि त्यातून तारीख शोधत बसू नका. प्रत्येक कंपनीची पद्धत आपापली असते. तुमच्या बॅचमधला 1124 हा नोव्हेंबर 24 सारखा दिसतो आणि पॅकिंगच्या तारखेशी जुळतोही, पण हे आपण पत्रात म्हणायचं नाही. पत्रात छापलेली तारीख, बस.

सासूबाईंच्या गॅसेसचं वाक्य काढून टाका. ढोकळा न फुगण्याचं कारण समजण्यासारखं आहे: त्या पिठात सोडा आणि सायट्रिक ॲसिड कोरडं मिसळलेलं असतं, पाकिटात हळूहळू जराशी ओल शिरते, दोघांचं आपसांत थोडंथोडं होत राहतं, आणि पाणी घालाल तेव्हा फसफसायला काही उरत नाही. हे जुन्या पिठाचं लक्षण म्हणून लिहिता येतं. गॅस मात्र न फुगलेला बेसनाचा ढोकळा चार वड्या खाल्ला तर ताज्या पिठाचाही होतो. डॉक्टरांचा कागद नाही, आजार नाही; ते एक वाक्य असलं की काका बाकी सगळं सोडून त्याच्यावर वाद घालतील.

आता पत्र. मी तुमच्या मसुद्यातला पहिला आणि शेवटचा परिच्छेद काढला आणि मधला नव्याने मांडला. हे तुमच्या अक्षरात उतरवून काढा:

‘दि. 6 ऑगस्ट 2025

काकांना नमस्कार,

शनिवारी, 2 ऑगस्टला तुमच्याकडून ढोकळ्याच्या तयार पिठाचं एक पाकीट नेलं. ढोकळा फुगला नाही म्हणून पाकीट पाहिलं, तर त्याची मुदत 10/05/25 ला संपलेली होती. रविवारी सकाळी दुकानात आले तेव्हा डावीकडच्या मांडणीत, खालून दुसऱ्या फळीवर, पुढे दिलेली पाकिटं विक्रीला मांडलेली दिसली. त्यांचे फोटो काढलेत, ते सोबत आहेत.

ढोकळ्याचं पीठ, तीन पाकिटं, तिन्हींवर बॅच DM1124B, मुदत 10/05/25.
बिस्किटं, एक पुडा, बॅच 7L2203, मुदत 22/07/25.
मसाला ओट्स, एक पाकीट, बॅच OT0934C, मुदत 07/25.

ढोकळ्याच्या तिन्ही पाकिटांची बॅच एकच आहे. त्या खोक्यातली आणखी पाकिटं मागे किंवा गोदामात असतील, तर तीही बघावीत. ही सगळी पाकिटं फळीवरून काढून बाजूला ठेवावीत. मी नेलेल्या पाकिटाचे पैसे परत द्यावेत. ते पाकीट माझ्याकडे आहे, दाखवायला आणीन. डिस्ट्रिब्युटरशी बोलायला हे फोटो लागले तर जरूर वापरा.

काय केलंत ते 13 ऑगस्टपर्यंत मला कळवावं, ही विनंती. त्यानंतरही अशी पाकिटं फळीवर दिसली तर अन्न व औषध प्रशासनाला कळवण्याशिवाय मला इलाज राहणार नाही.

आपली,’

खाली नाव, घर नंबर, फोन. ओट्सच्या पाकिटावर ‘जुलैअखेर’ असं स्वतःच्या मनाने लिहू नका, जे छापलंय तेच. ढोकळ्याचं नाव मी मोघम ठेवलंय, तुमच्या पत्रात पाकिटावरचं पूर्ण नाव आणि वजन घाला. बॅच नंबरही पाठवायच्या आधी एकदा फोटोशी ताडून बघा, मला एका फोटोत ‘7L’ आहे की ‘7I’ हे नक्की वाटेना.

शेवटची ओळ कडक वाटेल. ठेवा. ती एकच ओळ कडक आहे, आणि तिच्या आधी सगळं त्यांच्या सोयीचं लिहिलंय, त्यामुळे ती धमकी वाटत नाही, पुढची पायरी वाटते. कायद्याची कलमं मात्र पत्रात घालू नका. कलम वाचलं की माणूस वकिलाकडे धावतो, फळीकडे जात नाही.

मसुद्यात तुम्ही ‘भरपाई म्हणून महिनाभर दहा टक्के सूट’ असंही लिहिलं होतंत. ते मी गाळलं. सूट मागितली की तक्रारीचा सौदा होतो, आणि काका उद्या कुणालाही सांगू शकतात की बाईंना फुकट माल हवा होता. पैसे परत मागायचे ते त्या एका पाकिटाचे.

पत्र दुकानात गर्दी नसताना द्या. दुपारी दोन-अडीचला जा, सकाळी दुधाच्या वेळी नको. दोन प्रती न्या, एकीवर काकांची सही आणि तारीख घ्या, पोच म्हणून. सही द्यायला नको म्हणाले तर वाद घालू नका. ज्या नंबरवर तुम्ही यादी पाठवून किराणा मागवता, त्याच नंबरवर पत्राचा फोटो आणि पाकिटांचे फोटो टाका. तिथे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधे पाठवले की ते दाबून लहान होतात, बॅचची ओळ वाचताच येत नाही, आणि फोटो कधी काढला ती आतली नोंदही पुसली जाते. मूळ फोटो मोबाइलमध्ये जसेच्या तसे राहू द्या. त्यांवर लाल गोल काढायचे तर वेगळ्या प्रतीवर.

शनिवारच्या खरेदीचं बिल तुमच्याकडे नाही, असं दिसतंय. चिठ्ठीवर बेरीज करून दिली असणार. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख आणि वेळ त्यात असते. रोख दिले असतील तर काही बिघडत नाही, पाकिटांचे फोटो आहेत. पुढच्या वेळी मात्र छापील बिल मागा. त्यावर दुकानाचा अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर असायला हवा, आणि प्रशासनाकडे तक्रार करायची वेळ आली तर दुकान ओळखायला तोच लागतो. तो गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलेल्या परवान्यावरही दिसेल.

ग्रुपचं म्हणाल, तर 13 तारखेपर्यंत तरी नाही. दुकानाचं नाव घालून फोटो एकदा तिथून सुटला की दुपारपर्यंत तो तीन सोसायट्यांत फिरतो, आणि ‘मुदतीबाहेरचे ओट्स’चं ‘विषबाधा’ व्हायला दोन फॉरवर्ड पुरतात. त्यातलं तुम्ही न लिहिलेलंही तुमच्याच नावावर खपेल. पापडाचा तो चुकीचा फोटो त्यात असता तर बदनामीची नोटीस तुमच्या दाराशी आली असती, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. काकांनी काहीच केलं नाही आणि तुम्हाला शेजाऱ्यांना सावध करायचंच असेल, तर दुकानाचं नाव न घेता एवढंच लिहा: DM1124B बॅचचं ढोकळ्याचं पीठ घरात असेल तर तारीख बघा. ते खरंही आहे आणि उपयोगाचंही.

13 तारखेनंतर दुकानात जाल तेव्हा फळीवर नुसती ती पाच पाकिटं आहेत का, एवढंच बघू नका. एखाद्या वस्तूच्या पुढच्या पाकिटाची तारीख बघा आणि हात मागे घालून शेवटच्याची बघा. पुढची तारीख जवळची आणि मागची लांबची असेल, तर काकांनी ‘मागचं पुढे’ केलंय, काम झालं. पुढचं पाकीट कोरं करकरीत आणि मागे जुनंच असेल, तर त्यांनी फक्त तुमची पाच पाकिटं उचलली आणि पद्धत तीच राहिली. मग 1800222365, किंवा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (अन्न) यांच्या कार्यालयात लेखी तक्रार, तुमच्या पत्राची पोच आणि दोन्ही वेळचे फोटो जोडून. साताऱ्याला ते कार्यालय आहेच, फोनपेक्षा कागद बरा. पैसे परत द्यायला नकार दिला, एवढाच प्रश्न राहिला तर ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि लहान रकमेला शुल्कही नसतं, पण एका ढोकळ्याच्या पाकिटासाठी तारखांना हेलपाटे घालायला मी तरी सांगणार नाही.

आणि ते घरातलं पाकीट. तुम्ही लिहिलंत की ते रिकामं करून सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलं होतं आणि परत काढून ठेवलंय. फोटोत ते मला दिसतंय, वरचा पट्टा कात्रीने कापलेला. पण या तीन पाकिटांवर बॅच कुठे छापलीय बघा: सगळ्यात वर, शिवणीच्या पट्ट्यावर. तुमच्या कापलेल्या पाकिटावर तारीख आहे, बॅच नाही. ती गेली त्या पट्ट्याबरोबर. पिशवी अजून घंटागाडीत गेली नसेल तर तो बोटभर तुकडा शोधा आणि पाकिटाला टाचणीने लावून ठेवा.